फ्लश केल्यावरच गळणारं पाणी

कमोडच्या मागे फरशी ओली दिसते, पण टाकी भरून तशीच असताना थेंबही पडत नाही. फ्लश केला की मात्र पाणी गळतं. असं असेल तर दोष बहुधा टाकीपासून कमोडपर्यंत येणाऱ्या फ्लश पाइपच्या सांध्यात असतो, कारण त्या पाइपात पाणी फक्त फ्लशच्या वेळीच येतं. टिश्यू पेपर सांध्याभोवती गुंडाळून फ्लश करा. कुठून भिजतो ते लगेच कळेल.

सांध्यात शंकूच्या आकाराचा रबरी वॉशर असतो. रबर जुनं झालं की कडक होतं, चिरतं. पण नवा वॉशर महिनाभरात पुन्हा गळू लागला, तर पाइपकडे बघा. टाकी जराशी बाजूला बसवलेली असली की पाइप तिरका शिरतो. वॉशर एका अंगाने चेपतो, दुसऱ्या अंगाला फट राहते. अशा वेळी पाइपचा वरचा नट सैल करून पाइप सरळ रेषेत आणावा, गरज पडल्यास टाकीचे स्क्रू ढिले करून ती सरकवावी आणि मगच नवा वॉशर साबणपाणी लावून बसवावा. वरून सिमेंट किंवा एम-सील थापू नये. पुढच्या वेळी ते फोडताना कमोडची कड तडकू शकते.