अंधारात सौर पॅनेल शून्य व्होल्ट का दाखवतं?

धाराशिव जिल्ह्यात विहिरीच्या नाहीतर बोअरच्या कडेला सौर पंपाची पॅनेलं दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. कौडगावला तर महानिर्मितीचा 50 मेगावॅटचा सौर प्रकल्पच आहे. या पॅनेलमधला हरेक चौकोनी सेल म्हणजे तळहाताहून मोठा एक डायोड, म्हणजेच पी-एन जंक्शन. डायोडबद्दल शाळा-कॉलेजात आणि दुरुस्तीच्या दुकानात जे गैरसमज रुजतात, ते या सेलच्या आधारे नीट तपासता येतात.

गैरसमज: पी आणि एन हे दोन तुकडे एकमेकांना चिकटवलेले असतात

पुस्तकातल्या आकृतीत दोन चौकोन शेजारी काढलेले असतात, म्हणून असं वाटतं. प्रत्यक्षात सिलिकॉनची चकती एकच असते. तिच्यात आधीपासून थोडं बोरॉन मिसळलेलं असतं, साधारण 50 लाख सिलिकॉन अणूंमागे एक. ही चकती 800 ते 850 अंश सेल्सिअसच्या भट्टीत फॉस्फरसयुक्त वाफेत ठेवली की फॉस्फरस पृष्ठभागातून आत झिरपतो. अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास खोलीपर्यंत त्याचं प्रमाण बोरॉनपेक्षा जास्त होतं आणि तेवढा थर एन-प्रकारचा बनतो. जिथे दोघांचं प्रमाण सारखं होतं, तिथे जंक्शन. अणूंची जाळी मात्र या सीमेवरून अखंड पुढे जाते. दोन तुकडे नुसते दाबून धरले, तर मधल्या ऑक्साइडच्या थरात आणि तुटलेल्या बंधांत इलेक्ट्रॉन अडकतील, आणि असा जोड चांगला डायोड होणार नाही. नव्या प्रकारच्या अनेक पॅनेलांत मूळ चकती एन-प्रकारची असते आणि बोरॉन वरून झिरपवलं जातं, पण तत्त्व तेच.

गैरसमज: मधला पट्टा रिकामा असतो

फॉस्फरसजवळ एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असतो आणि बोरॉनजवळ एक कमी. तरीही सुटा एन-भाग ऋणभारित नसतो, कारण मोकळ्या झालेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे फॉस्फरसचा एक धन आयन जाळीत बसलेला असतो. सीमेजवळचे इलेक्ट्रॉन पी-बाजूला पसरतात, तिकडची छिद्रं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, इकडे येतात आणि एकमेकांना भेटून नाहीशी होतात. मागे उरतात ते जाळीत घट्ट बसलेले आयन: एन-बाजूला धन, पी-बाजूला ऋण.

म्हणजे या पट्ट्यात हलणारे भार जवळपास नसतात, पण उघडे पडलेले स्थिर भार भरपूर असतात. आपण वर घेतलेल्या बोरॉनच्या प्रमाणाला हा पट्टा सुमारे 0.34 मायक्रोमीटर रुंद भरतो. त्यातला जवळजवळ सगळा पी-बाजूला असतो. फॉस्फरस बोरॉनच्या हजारपट दाट धरला, तर एन-बाजूला हजाराव्या हिश्शाच्या रुंदीतही भारांचा हिशेब जुळतो. या चिमूटभर जागेत विद्युतक्षेत्र मात्र मीटरमागे 50 लाख व्होल्टच्या घरात जातं. तेच क्षेत्र पुढच्या इलेक्ट्रॉनांना मागे लोटतं, आणि पसरण्याची ओढ व मागे लोटणारी ओढ जिथे समसमान होते तिथे पट्ट्याची वाढ थांबते.

गैरसमज: डायोडमध्ये 0.7 व्होल्टची बॅटरी दडलेली असते

हा सगळ्यांत चिवट गैरसमज आहे, आणि तो अर्धा खरा असल्यामुळेच चिवट आहे. जंक्शनच्या दोन बाजूंत विभवाचा फरक खरोखर असतो. तो किती, हे तीन गोष्टी ठरवतात: दोन्ही बाजूंच्या भेसळीचं प्रमाण, तापमान आणि शुद्ध सिलिकॉनमध्ये उष्णतेनेच सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या. सूत्र असं:

V_bi = (kT/q) × ln(N_A × N_D / n_i²)

घनसेंटिमीटरमागे बोरॉनचे 10¹⁶ अणू, फॉस्फरसचे 10¹⁹ आणि n_i सुमारे 10¹⁰ धरले, तर 25 अंशांना उत्तर येतं 0.89 व्होल्ट. म्हणजे 0.7 हा काही निसर्गाने ठरवून दिलेला आकडा नाही. भेसळ बदलली की तोही बदलतो.

पण रात्री, पूर्ण अंधारात, पॅनेलच्या तारांना मल्टिमीटर लावला तर काटा शून्यावर. 72 सेल ओळीने जोडलेले असूनही 64 व्होल्ट सोडाच, एकही मिळत नाही. मल्टिमीटर नुसता विद्युतविभव मोजत नाही. एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायला इलेक्ट्रॉनला एकूण किती ओढ आहे, ते तो मोजतो, आणि समतोलात ती ओढ शून्य असते. धातूचे संपर्क जिथे सिलिकॉनला भिडतात तिथेही विभवाच्या पायऱ्या तयार होतात. पूर्ण फेरीत सगळ्यांची बेरीज शून्य होते. तसं नसतं, तर अंधारात पडलेल्या, सभोवतालाइतक्याच तापमानाच्या पॅनेलमधून फुकट वीज वाहत राहिली असती. ऊन पडलं की नवे इलेक्ट्रॉन आणि छिद्रं सुटतात, समतोल मोडतो आणि तेव्हाच व्होल्टेज बाहेर येतं.

मल्टिमीटरच्या डायोड-चाचणीत 0.5–0.6 दिसतं, तेही डायोडने दिलेलं नसतं. मीटर स्वतःच्या बॅटरीतून छोटा प्रवाह ढकलतो आणि त्यासाठी किती व्होल्ट लागले ते दाखवतो.

गैरसमज: 0.7 व्होल्टला दार उघडतं, आणि उलट्या दिशेला काहीच घडत नाही

दार असं नसतंच. सुलट व्होल्टेज अडथळ्याची उंची कमी करतं, आणि तो ओलांडण्याइतकी ऊर्जा असलेले इलेक्ट्रॉन त्या प्रमाणात घातांकी वेगाने वाढतात. आदर्श डायोडात दर 60 मिलिव्होल्टला प्रवाह दहापट होतो. 0.3 व्होल्टलाही प्रवाह असतोच, फक्त 0.6 व्होल्टच्या मानाने लाखपट कमी. साध्या मीटरला तो दिसत नाही, म्हणून दार बंद वाटतं.

उलट दिशेला अडथळा आणखी उंच होतो. तरी पी-बाजूचे मोजके इलेक्ट्रॉन आणि एन-बाजूची मोजकी छिद्रं उतारावरून घसरतातच. त्यांची संख्या अडथळ्याच्या उंचीवर अवलंबून नसते, म्हणून हा प्रवाह अगदी लहान आणि जवळपास स्थिर राहतो. खरा त्रास पॅनेलवर दिसतो. एका सेलवर पक्ष्याची विष्ठा किंवा झाडाची सावली पडली की त्याच गटातले बाकीचे 23 सेल त्याच्यावर सुमारे 12 व्होल्ट उलटे लादू शकतात. पट्टा 0.34 वरून साधारण 1.3 मायक्रोमीटरपर्यंत रुंदावतो. सिलिकॉन निर्दोष असेल तर सेल हे सोसतो. पण काठावर ओरखडा असेल, किंवा लोहासारखी धातूची अशुद्धी एका जागी साचली असेल, तर उलटा प्रवाह त्या ठिपक्यातून वाट काढतो. तेवढीच जागा भाजते आणि काचेखाली तपकिरी डाग उमटतो. हे उलटं व्होल्टेज याहून वाढू नये म्हणून पॅनेलमागच्या डबीत प्रत्येक गटासाठी बायपास डायोड असतो. डाग दिसला तर सावली कुठून पडते ते आधी पाहावं. पॅनेल धुऊन काढावं ते सकाळी, काच थंड असताना.

गैरसमज: ऊन जितकं तापलेलं, तितके व्होल्ट जास्त

प्रकाश आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे महिन्यात परंडा-भूमकडे हवा 40 अंशांपुढे जाते, तेव्हा सेल 65 अंशांपर्यंत सहज तापतो. 25 अंशांच्या मानाने n_i सुमारे पंधरापट वाढतो, आपल्या उदाहरणातलं अंगभूत विभव 0.89 वरून 0.84 पर्यंत उतरतं आणि उलटा गळणारा प्रवाह शेकडो पट होतो. परिणामी दर अंशामागे सेलचं उघड्या टोकांचं व्होल्टेज सुमारे 2 मिलिव्होल्टने घटतं. 72 सेलांच्या पॅनेलला हा फटका जवळपास 6 व्होल्टचा असतो. म्हणूनच पंपाच्या कंट्रोलरला किती पॅनेलं ओळीने जोडायची, याची कमाल मर्यादा मे महिन्याच्या दुपारवरून काढत नाहीत. ती काढतात डिसेंबरच्या गार सकाळी, सूर्य नुकताच वर आलेला आणि पंप अजून सुरू व्हायचा असतानाच्या व्होल्टेजवरून.