ओसीटी अहवालातली सूज आणि झीज

ओसीटी तपासणीत डोळ्याला काही टोचत नाही की लागत नाही. हनुवटी आधारावर टेकवून यंत्रातल्या खुणेकडे काही सेकंद नजर स्थिर ठेवायची, एवढेच. तेवढ्यात यंत्र मंद अवरक्त प्रकाश आत सोडते आणि पडद्याच्या कोणत्या थरावरून तो किती परत आला हे टिपते. त्यातून पडद्याचा उभा छेद पडद्यावर उमटतो. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे पडद्याच्या मध्यभागाची, म्हणजे मॅक्युलाची. म्हणून छेद तिथलाच घेतात.

निरोगी मॅक्युलाच्या मधोमध बशीसारखा उथळ खळगा असतो. मधल्या १ मिलिमीटर वर्तुळातली सरासरी जाडी अहवालात छापलेली असते. ती साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे २५० ते २८० मायक्रॉनच्या आसपास भरते.

समजा, सत्तरीतल्या मधुमेही आजींच्या अहवालात ४३० मायक्रॉन आले आहेत. छेदात खळगा नाहीसा झाला आहे आणि त्या जागी काळे पोकळ कप्पे दिसतात. मधुमेहाने कमकुवत झालेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाझरलेले पाणी तिथे साठले आहे. पाण्यावरून प्रकाश जवळजवळ परतत नाही, म्हणून ते काळे दिसते. ही झाली सूज. महिन्याच्या अंतराने काही इंजेक्शने दिल्यावर आकडा २७५ वर येतो, खळगाही परततो. घरचे खूश होतात, पण आजी विचारतात, "मग पेपरातली बारीक अक्षरं अजून का लागत नाहीत?"

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यात नाही, चित्रात आहे. छेदाच्या तळाशी एक उजळ रेघ असते. प्रकाश टिपणाऱ्या पेशी शाबूत असल्या की ती सलग दिसते. आजींच्या छेदात ती मधोमध तुटली आहे. पाणी ओसरले, तरी तिथल्या पेशींची हानी पुरती भरून आलेली नाही.

म्हणून कमी आकडा म्हणजे चांगला आकडा, असे धरून चालत नाही. जाडी १८० वर आली तर ती बहुधा झीज असते. जुनाट सूज, वयोमानाने सुकलेला मॅक्युला किंवा पडद्याची रोहिणी बंद पडणे, ही तिची नेहमीची कारणे. सूज उतरवणारे इंजेक्शन झिजलेला थर पुन्हा वाढवत नाही. कधी झिजलेल्या पडद्यातच थोडे पाणी असते आणि दोन्ही मिळून सरासरी अगदी 'नॉर्मल' येते. रंगीत नकाशात लाल म्हणजे जाड, निळे म्हणजे पातळ. रंगावरून कारण कळत नाही.

यंत्रही चुकते. दाट मोतीबिंदूमुळे किंवा नजर हलल्यामुळे चित्र धूसर येते आणि थरांच्या कडांवर यंत्राने आखलेल्या रेघा भलतीकडे जातात. छेदाचा आकार आणि छापलेला आकडा जुळत नसेल, तर तपासणी पुन्हा करावी लागते. वेगवेगळ्या यंत्रांची मापेही थोडी वेगळी असतात. त्यामुळे तुलना शक्यतो एकाच यंत्रावरच्या अहवालांची करावी आणि दवाखाना बदलताना जुने अहवाल चित्रांसकट सोबत न्यावेत.