चट्टा चिमटीत धरून बघा

कमरेवर, साडीच्या काठाखाली तळहाताएवढा तपकिरी चट्टा उठला की घरात पहिलं निदान ठरलेलंच: नायटा. मग दुकानातून मलम येतं आणि महिने जातात. पण नायट्याला खाज असते, कडेला कोंडा सुटतो. तो खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते. मॉर्फियाचा चट्टा गुळगुळीत, चकचकीत असतो. चिमटीत धरायला गेलं तर कातडी उचलली जात नाही, त्यावरचे केसही गळतात. जखमेचा व्रण म्हणावा, तर तिथे कधी जखमच झालेली नसते. कडेला जांभळट छटा असेल तर आजार अजून चालू आहे. शंका उरल्यास त्वचारोगतज्ज्ञ बायोप्सी करतात. मुलांच्या सांध्यावरचा चट्टा मात्र थांबू देऊ नये. तो वाढ खुंटवतो.