आजचा रुपया आणि त्या वर्षीचा रुपया

सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायचं की नाही, यावर आमच्या सभेत दीड तास चर्चा झाली. खर्च 20 लाख. वीजबिलात आजच्या दराने वर्षाला 2 लाखांची बचत आणि यंत्रणेचं आयुष्य 20 वर्षं. खजिनदारकाकांनी स्वच्छ तक्ता करून आणला होता. वीस ओळी, प्रत्येक ओळीत 2 लाख. बँक कर्ज 10 टक्क्यांनी देणार म्हणून दर वर्षीची बचत त्याच दराने आजच्या किमतीत आणली होती. बेरीज आली 17 लाख 3 हजार, म्हणजे जवळजवळ तीन लाखांचा तोटा. ठराव बारगळणार असंच दिसत होतं.

बेरीज अचूक होती. चूक होती ती बचत एका रुपयात आणि व्याज दुसऱ्याच रुपयात मोजण्याची.

बँक 10 टक्के मागते तेव्हा त्यात महागाई आधीच धरलेली असते. आज दिलेला रुपया परत येईल तेव्हा त्यात कमी माल येणार, हे सावकारालाही कळतं. त्याची भरपाई दरातच असते. म्हणून कर्जाचे आणि एफडीचे दर ‘त्या त्या वर्षीच्या रुपया’चे असतात. अर्थशास्त्रात याला नाममात्र दर म्हणतात. उलट, विसाव्या वर्षीही 2 लाखच लिहिणं म्हणजे वीज तेव्हाही आजच्याच भावाने मिळेल असं धरणं. तो ‘आजचा रुपया’ झाला. दर महागाईसकट आणि बचत महागाईवाचून घेतली, की दूरच्या वर्षांची बचत विनाकारण आक्रसते.

महागाई सरासरी 5 टक्के राहील आणि विजेचा दरही तेवढाच वाढेल, असं धरून फक्त विसावं वर्ष पाहू. आजची 2 लाखांची बचत तेव्हा सुमारे 5 लाख 31 हजार होईल. तिला वीस वर्षांच्या 10 टक्क्यांनी, म्हणजे 6.7275 ने, भागलं की येतात 78,879 रुपये. काकांच्या तक्त्यात त्याच ओळीत 29,729 होते.

दुसऱ्या वाटेनेही जाता येतं. बचत 2 लाखच ठेवायची, पण दरातून महागाई काढून टाकायची. 1.10 ला 1.05 ने भागून एक वजा केला की उरतात 4.76 टक्के. हा वास्तव दर. या दराने विसाव्या वर्षाचे 2 लाख आणले, की पुन्हा 78,879 च येतात. वीसही ओळी अशा केल्या तर दोन्ही वाटांनी बेरीज 25 लाख 44 हजार होते. दहातून पाच वजा करून सरळ 5 टक्के धरले तर बेरीज 51 हजारांनी कमी भरते. अंदाजाला ते चालेल, पण ठरावाच्या कागदावर भागाकारच करावा.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त महागात पडते. बचत दर वर्षी 5 टक्क्यांनी वाढवत न्यायची आणि वर 4.76 टक्के हाच दर लावायचा. महागाई दोनदा मोजली जाते आणि तेच सोलर 41 लाखांचं दिसू लागतं. म्हणून कुणीही असा तक्ता पुढे ठेवला की मी आधी दोनच गोष्टी बघते: रकमेची ओळ वर्षागणिक चढते आहे का, आणि दर बँकेचा आहे की महागाई वजा केलेला. चढती ओळ असेल तर बँकेचा दर हवा. ओळ सपाट असेल तर ती कशामुळे सपाट आहे, हे विचारावं लागतं.

कारण काही रकमा करारानेच सपाट असतात. आमच्या देखभालीच्या कराराचे वर्षाला 20 हजार वीसही वर्षं तेवढेच राहणार आहेत. ते त्या वर्षीचे रुपये आहेत. विसाव्या वर्षी त्यांची किंमत आजच्या हिशेबाने जेमतेम साडेसात हजार असेल. त्यांना 10 टक्केच लावायचे, आणि मग एकूण भार 1 लाख 70 हजार होतो. 4.76 लावले तर तोच भार अडीच लाखांच्या वर दिसतो. कर्जाचा हप्ताही याच जातीचा.

आता 25.44 लाखांतून 20 लाख आणि 1.70 लाख गेले, की पावणेचार लाखांचा फायदा उरतो. काकांनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून विसाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “ताई, पण वीज महागाईइतकीच महागेल हे कशावरून?”

प्रश्न अगदी नेमका होता. विजेचे दर वीज नियामक आयोग ठरवतो, बाजारातल्या भाजीच्या भावासारखे ते चढत-उतरत नाहीत. महागाई 5 टक्के आणि वीज मात्र 3 टक्क्यांनीच वाढली, तर बचतीची आजची किंमत 21 लाख 53 हजारांवर येते. देखभाल वजा करता सोलर सुमारे 17 हजारांच्या तोट्यात जातं. पुढच्या सभेआधी गेल्या दहा वर्षांची वीजबिलं काढायचं ठरलं आहे.