वही नवी, उधारी जुनी

आमच्या बचत गटातल्या एका वहिनींचं किराणा दुकान यजमान गेल्यापासून आठ महिने बंद होतं. २०२५च्या दिवाळी पाडव्याला ते पुन्हा उघडायचं ठरलं. ‘वहीपूजनाला दिराला बसवा,’ असं नातेवाइकांनी सुचवलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, ‘गल्ल्यावर मी बसणार, उधारी मी मागणार. मग वहीला कुंकू दुसऱ्यानं का लावायचं?’ यावर कोण काय बोलणार!

पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, त्यामुळे दिवस शोधायचा नव्हता. प्रश्न वेळेचा होता. व्यापारी मंडळी त्यासाठी चौघडिया पाहतात. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ सारखे भाग करायचे. त्यांचा क्रम वारावर ठरतो. त्या दिवशी बुधवार होता, म्हणजे पहिला लाभ, मग अमृत, काळ आणि शुभ. एक चौघडिया दीड तासाचा, असं सरसकट धरलं की गडबड होते. दिवाळीत दिवस लहान असतो. पुण्याकडे साडेसहा ते सहा धरले, तर एक भाग जेमतेम ८६ मिनिटांचा येतो. म्हणजे अमृत आठच्या सुमारास सुरू होऊन नऊ वीसला संपतो. पाहुण्यांच्या सोयीसाठी दहाची वेळ सुचवली होती, ती नेमकी काळात येत होती. वहिनींनी सव्वाआठ धरले. शिवाय दूध-बिस्किटाचं गिऱ्हाईक त्याच वेळी येतं ना!

लाल वहीच्या पहिल्या पानावर श्री, स्वस्तिक, शुभ-लाभ आणि तिथी लिहिली. हळद-कुंकू, अक्षता वाहिल्या. खरं काम पुढच्या पानावर होतं. जुन्या वहीत २३ जणांकडे ११,४०० रुपये अडकले होते. पुष्कळजण इथेच चुकतात. नुसते आकडे उतरवून घेतात आणि पुढे ‘मी तर दिले होते’ असे वाद होतात. वहिनींनी दिवाळीआधीच घरोघर जाऊन प्रत्येकाला त्याचं पान दाखवलं. कबूल झालेली बाकीच नव्या वहीत ‘मागील बाकी’ म्हणून घेतली, शेजारी त्याची तारखेसह सही. अशा उधारीसाठी कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी देणेकऱ्याने लेखी कबुली दिली, तर सहीच्या तारखेपासून मुदत पुन्हा मोजली जाते.

आयकराचं वर्ष मात्र ३१ मार्चलाच संपतं. त्यामुळे पाडव्याला वही बदलली तरी त्या हिशेबात खंड पडू द्यायचा नाही. जुनी वहीही रद्दीत घालायची नाही.

पूजा आटोपली आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते ३४० रुपयांची जुनी बाकी घेऊन. नव्या वहीतली पहिली जमा तीच.