t शून्याखाली जात नाही

x⁴ − 3x² − 4 < 0 हे असमीकरण पाहिल्यावर चौथा घात डोळ्यांत भरतो आणि गणित अवघड वाटू लागते. पण नीट पाहिले तर त्यात x³ नाही आणि नुसता x ही नाही. x जिथे येतो तिथे वर्ग होऊनच येतो, कारण x⁴ म्हणजे x² चाच वर्ग. म्हणून x² = t मानले की उरते t² − 3t − 4 < 0. शाळेत ज्यांनी ‘x² = m मानू’ असे लिहून समीकरणे सोडवली असतील, त्यांच्या ही युक्ती ओळखीची असेल. समीकरणात ती बिनबोभाट चालते, कारण ऋण मूळ आले तर ते सोडून द्यायचे एवढेच काम असते. असमीकरणात मात्र हातात एक-दोन संख्या नसतात, संख्यारेषेचे तुकडे असतात. त्यातला कोणता तुकडा ठेवायचा, कोणता टाकायचा आणि कोणता अर्धा कापायचा हे ठरवावे लागते.

ही वाट कुठे बंद होते तेही पाहू. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (इ. स. 1150) एक प्रसिद्ध चतुर्घाती समीकरण आहे. आजच्या चिन्हांत ते x⁴ − 2x² − 400x = 9999 असे होते. त्यातल्या 400x मुळे t इथे कामाला येत नाही, कारण x² = t मानूनही एक मोकळा x मागे राहतोच. भास्कराचार्यांनी दोन्ही बाजूंत 4x² + 400x + 1 मिळवले. त्यामुळे डावीकडे (x² + 1) चा आणि उजवीकडे (2x + 100) चा वर्ग झाला, आणि x = 11 मिळाला. विषम घाताचे एक पद आले की असे काही वेगळे शोधावे लागते. आपल्या असमीकरणात तसे पद नाही, म्हणून पुढे जाऊ.

t² − 3t − 4 चे अवयव (t − 4)(t + 1). हा गुणाकार ऋण हवा, म्हणजे t हा −1 आणि 4 यांच्या मध्ये हवा: −1 < t < 4. चुका होतात त्या इथून पुढे. काही विद्यार्थी दोन्ही टोकांची वर्गमुळे काढून −1 < x < 2 असे लिहून मोकळे होतात. काहींना −1 चे वर्गमूळ सापडत नाही, म्हणून ते ‘उत्तर नाही’ असे लिहितात. दोन्ही उत्तरे एकेक संख्या घालून तपासता येतात. x = −1.5 घेतले तर x² = 2.25 आणि x⁴ = 5.0625. डावी बाजू होते 5.0625 − 6.75 − 4 = −5.6875, म्हणजे ऋण. −1.5 उत्तरात बसते, तरी पहिल्या विद्यार्थ्याने ते बाहेर ठेवले. दुसऱ्यासाठी x = 0 पुरे आहे: डावी बाजू −4.

दोघांचीही चूक एकाच ठिकाणी आहे. t हे नुसते नवे अक्षर नाही, तो कुणाचा तरी वर्ग आहे. वास्तव संख्येचा वर्ग ऋण नसतो, म्हणून t ला संख्यारेषेचा शून्यापासून उजवीकडचा भागच मिळतो. त्या भागातल्या प्रत्येक धन t मागे दोन x असतात, एक धन आणि एक ऋण. t = 0 मागे एकच x असतो. आणि ऋण t मागे एकही नसतो. हे ध्यानात ठेवून −1 < t < 4 पुन्हा वाचले तर ‘t हा −1 पेक्षा मोठा’ ही अट आपोआपच पाळली जाते, तिचे वर्गमूळ काढायची वेळच येत नाही. उरते 0 ≤ t < 4, म्हणजे x² < 4, म्हणजे −2 < x < 2.

आता चिन्ह उलटे करू: x⁴ − 3x² − 4 > 0. इथे t < −1 किंवा t > 4 असे येते. t < −1 कधीच होणार नाही, म्हणून तो भाग जातो आणि x < −2 किंवा x > 2 हे उत्तर राहते. दोन्ही वेळा −1 गळला, पण गळण्याची कारणे परस्परविरुद्ध आहेत. आधी दोन अटी ‘आणि’ने जोडलेल्या होत्या व −1 ची अट नेहमीच खरी होती. आता त्या ‘किंवा’ने जोडलेल्या आहेत व −1 ची अट कधीच खरी नाही. ‘ऋण आले की खोडा’ एवढेच पाठ केले तर हा फरक दिसत नाही. मग (t + 1)(t + 4) > 0 समोर आले की दोन्ही ऋण संख्या खोडून ‘उत्तर नाही’ लिहिले जाते. प्रत्यक्षात तिथे प्रत्येक वास्तव x चालतो, कारण t शून्य किंवा धन असल्यावर दोन्ही कंस धनच असतात.

या प्रकारातले मला सर्वांत आवडते उदाहरण म्हणजे x⁴ − 4x² ≥ 0. t घातल्यावर t(t − 4) ≥ 0, म्हणून t ≤ 0 किंवा t ≥ 4. इथे t ≤ 0 हा भाग सरसकट खोडला तर चूक होते. t ऋण नसतो हे खरे, पण शून्य असू शकतो. म्हणून त्या अख्ख्या भागातून t = 0 हा एकच बिंदू वाचतो आणि x = 0 उत्तरात येतो. पूर्ण उत्तर: x ≤ −2, किंवा x ≥ 2, किंवा x = 0. x = 1 घातला तर 1 − 4 = −3 येते, 0.1 घातला तरी ऋणच येते, पण शून्यावर डावी बाजू बरोबर शून्य होते. दोन लांबच लांब पट्ट्यांमध्ये एकटा उभा असलेला हा बिंदू, सुरुवातीलाच दोन्ही बाजूंना x² ने भागणाऱ्याच्या हातून निसटतो, कारण भागताना त्याने x शून्य नाही असे नकळत धरलेले असते.

t ≥ 0 ही अट सर्वांत जास्त कस पाहते ती पुढच्यासारख्या प्रश्नात: a च्या कोणत्या किमतींना x⁴ + ax² + 1 > 0 हे प्रत्येक वास्तव x साठी खरे असेल? t² + at + 1 लिहिले की सवयीने विवेचक आठवतो: a² − 4 < 0, म्हणून −2 < a < 2. उत्तर नीटस दिसते, पण ते अपुरे आहे. a = 5 घ्या. विवेचक 21 येतो, धन. तरीही x⁴ + 5x² + 1 कधीच 1 च्या खाली जात नाही. विवेचक t च्या सगळ्या किमतींचा हिशेब धरतो, ऋण किमतींचासुद्धा. t² + 5t + 1 ची दोन्ही मुळे ऋण आहेत. राशी ऋण होते ती त्या मुळांच्या मध्ये, आणि तिथे आपला t पोहोचतच नाही.

म्हणून a नुसार वेगळे पाहावे लागते. a शून्य किंवा धन असेल तर तिन्ही पदांत ऋण काहीच नाही आणि शेवटी 1 आहे, त्यामुळे बेरीज धनच. a हा −2 आणि 0 यांच्या मध्ये असेल तर विवेचक ऋण असतो, वास्तव मूळच नसते, तेव्हाही अडचण नाही. a = −2 झाला की राशी (t − 1)² होते आणि x = 1 ला शून्य होते, तर आपल्याला शून्याहून मोठी हवी आहे. a त्याहून लहान असेल तर x = 1 घालताच डावी बाजू 2 + a, म्हणजे ऋण. तेव्हा उत्तर a > −2. विवेचकाने उजवीकडे घातलेली 2 ची मर्यादा या प्रश्नात नव्हतीच.