मोहर्लीच्या रस्त्यावर किती जिप्सी गेल्या?

डोळे मिटा. मी पाटीवर काही उभ्या रेघा काढते. आता डोळे उघडा आणि लगेच मिटा. तीन रेघा असतील तर तुम्ही चटकन ‘तीन’ म्हणाल. चार असल्या तरी बहुतेक जमेल. पण सात असतील तर? मोजायलाच लागतील. आपल्या डोळ्यांना साधारण चारपर्यंतचीच संख्या न मोजता कळते. म्हणून तर ताळ्याच्या खुणांमध्ये चार उभ्या रेघा झाल्या की पाचवी तिरकी मारून जुडी बांधतात. चीनमध्ये पाच फटकाऱ्यांचं 正 हे अक्षर काढून मोजतात. तिथेही जुडी पाचांचीच!

आता चला मोहर्लीला. ताडोबाच्या जंगलाचं हे एक नावाजलेलं प्रवेशद्वार, चंद्रपूर जिल्ह्यातलं. शाळेच्या प्रकल्पासाठी इथल्या मुलांनी ठरवलं, असं समजा, की उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी 9 ते 11 गावच्या रस्त्यावर बसायचं आणि जाणारी-येणारी वाहनं मोजायची. एक दिवस बुधवार, एक दिवस मंगळवार. (आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. खरे तुम्ही मोजा!) एक मुलगा वाहनाचं नाव मोठ्यानं सांगतो, दुसरा त्या ओळीत रेघ मारतो. तिसरी मुलगी प्रकार बघतच नाही. कुठलंही वाहन दिसलं की तिच्या वेगळ्या कागदावर एक रेघ. तिचं काम फालतू वाटतंय ना? थांबा जरा.

मोजणीचा कागद घरी राहिला एकाकडे आणि तक्ता करणार दुसरीच. म्हणून मोबाइलवर फोटो पाठवला. इथे खरी गंमत सुरू होते, कारण फोटोत वहीचा कागद फसवतो. समासाची लाल उभी रेघ पेन्सिलीच्या खुणेसारखी दिसते. कागदाची घडी पडली असेल तर तीही एक रेघच भासते. आणि जुडीवरची तिरकी रेघ फिकट असली की पाचाचे चार होतात. तिरका फोटो घेतला तर शेवटच्या ओळीतल्या रेघा एकमेकींत मिसळतात. म्हणून कागद खिडकीपाशी सपाट ठेवा, मोबाइल बरोबर वरून धरा, स्वतःची सावली पडू देऊ नका आणि कागदाचे चारही कोपरे फोटोत येऊ द्या.

मग वाचन. दोघांनी वेगवेगळं वाचायचं, एकमेकांचे आकडे न बघता. बुधवारच्या कागदावर दुचाकीच्या ओळीत चार जुड्या आणि तीन सुट्या रेघा, म्हणजे 23. दोघांचंही तेच आलं. ट्रॅक्टर-ट्रकच्या ओळीत मात्र एकीला 4 दिसले, दुसऱ्याला 5. आता तिसऱ्या मुलीचा कागद काढा! तिच्याकडे 14 जुड्या आणि 4 सुट्या, म्हणजे 74. ट्रॅक्टर 4 धरले तर ओळींची बेरीज 73 येते, 5 धरले तर 74. पण एवढ्यावर लिहून टाकायचं नाही. एका ओळीत एक रेघ जास्त आणि दुसरीत एक कमी वाचली, तरी बेरीज बरोबरच येते. म्हणून मूळ कागद उजेडात धरून बघायचा. बघितला तर तिरकी रेघ होती, पेन्सिलीचं टोक झिजलेलं होतं इतकंच. मूळ कागद हाताशी नसेल तर? तेव्हा तक्त्यात ‘4 किंवा 5’ असंच लिहावं. अंदाजाचा आकडा खरा म्हणून लिहिण्यापेक्षा ते फार चांगलं.

हा झाला वारंवारता तक्ता. वारंवारता म्हणजे ती गोष्ट किती वेळा आली ते:

| वाहन | बुधवार | मंगळवार |
|---|---|---|
| दुचाकी | 23 | 21 |
| जिप्सी | 19 | 2 |
| सायकल | 14 | 16 |
| इतर चारचाकी | 11 | 4 |
| ट्रॅक्टर-ट्रक | 5 | 6 |
| एसटी बस | 2 | 2 |
| एकूण | 74 | 51 |

संगणकावर करणार असाल तर बुधवारचे आकडे `B2` ते `B7` या चौकटींत भरा आणि खाली लिहा `=SUM(B2:B7)`. 74 आलं नाही, तर टाइप करताना कुठेतरी बोट घसरलंय.

आलेखासाठी इथे जोडस्तंभालेख हवा. प्रत्येक वाहनाचे दोन स्तंभ शेजारी-शेजारी, बुधवारचा एका रंगात, मंगळवारचा दुसऱ्या. आलेख कागदावर 1 सेंमी = 2 वाहने असं प्रमाण घ्या. बुधवारच्या जिप्सीचा स्तंभ साडेनऊ सेंमी उंच होईल, मंगळवारचा जेमतेम 1 सेंमी! बिंदू जोडून रेघ मात्र काढू नका. दुचाकी आणि सायकल यांच्या मधे काही नसतं, मग ती रेघ कशाची?

आणि स्तंभ शून्यापासूनच सुरू करा. समजा, जागा वाचवायला कुणी तळाशी 10 लिहिलं. मग इतर चारचाकीचा 11 चा स्तंभ उरतो अर्धा सेंमी आणि दुचाकीचा 23 चा होतो साडेसहा सेंमी. खरं तर दुचाकी दुपटीहून जरा जास्त आहेत, चित्रात मात्र तेरापट दिसतात!

आता निष्कर्ष. ‘मोहर्लीत खूप वाहने आहेत’ हा निष्कर्ष नाही, कारण खूप म्हणजे किती ते त्यात नाही. हे बघा: ‘बुधवारी दोन तासांत 74 वेळा वाहने गेली. त्यांपैकी 19 वेळा, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, जिप्सी होत्या. मंगळवारी 51 पैकी फक्त 2. दुचाकी, सायकल आणि एसटी यांत फारसा फरक नाही.’ आणि कारण? दर मंगळवारी ताडोबाच्या गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. पण हे कारण तक्त्यातून आलेलं नाही, गावातल्या माहितीतून आलंय. म्हणून ते वेगळ्या वाक्यात लिहा, आणि ‘यामुळे असावे’ असं लिहा. एकाच बुधवारवरून सगळ्या बुधवारांबद्दल बोलता येत नाही. पावसाळ्याबद्दल तर मुळीच नाही, कारण जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र पर्यटकांना बंदच असतं.

मी ‘74 वेळा वाहने गेली’ असं का लिहिलं, ‘74 वाहने’ असं का नाही, ते लक्षात आलं? एकच जिप्सी पर्यटकांना घेऊन आली, सोडून परत गेली, तर कागदावर दोन रेघा पडतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबात लोक पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करतात, तिथेही हाच पेच असतो. नऊ वाजता आलेलं सांबरच अकराला पुन्हा आलं, की ते दुसरं? रेघेला ते सांगता येत नाही. म्हणून वाघ मोजताना झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो वापरतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यामुळे तोच वाघ दहा फोटोंत आला तरी एकच धरला जातो.

जिप्सीला पट्टे नसतात, पण नंबरप्लेट असते! पुढच्या वेळी जिप्सीच्या ओळीत रेघेऐवजी नंबराचे शेवटचे चार आकडे लिहा. मग 19 फेऱ्या नेमक्या किती जिप्सींनी केल्या, तेही त्याच कागदावरून कळेल.